तापाचा पहिला तास लिहून ठेवा

पावसाळ्याच्या मध्यावर आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये आपल्याकडे फ्लूची साथ येते. मग मेडिकलच्या काउंटरवर दोन तऱ्हेचे लोक दिसतात. एक जण विशीतला, धडधाकट, सर्दीने नाक गळतंय म्हणून ‘स्वाइन फ्लूची गोळी’ मागतो. दुसऱ्या बाई साठीच्या पुढच्या, मधुमेहाच्या, कालपासून अंगात ताप आहे, खोकला आहे, आणि त्या मात्र ‘दोन दिवस बघू, नाही उतरला तर डॉक्टरांकडे जाऊ’ म्हणून पॅरासिटामॉलची पट्टी घेऊन घरी जातात. ज्याला गोळीची गरज नाही तो ती मागतो, आणि जिला ती उपयोगी पडण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे ती नेमके तेच दोन दिवस घालवते ज्यांत गोळी काम करते. ऑसेल्टामिविर या औषधाबद्दल, म्हणजे टॅमिफ्लू या नावाने २००९च्या साथीत घराघरात पोहोचलेल्या औषधाबद्दल, मला सांगायचं आहे ते एवढंच : ते घ्यायचं की नाही हे ताप किती चढला यावरून कमी आणि ताप कुणाला आला व कधी आला यावरून जास्त ठरतं.

आधी हे औषध करतं काय ते पाहू, कारण दोन दिवसांचं सगळं गणित त्यातच आहे. फ्लूचा विषाणू घशातल्या, श्वासनळीतल्या पेशीत शिरतो, तिच्याकडून स्वतःच्या प्रती तयार करून घेतो आणि त्या प्रती पेशीच्या कडेला येऊन बाहेर पडू लागतात. पण बाहेर पडताना त्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरेसारख्या रेणूंना चिकटून राहतात. ही चिकटण कापायला विषाणूकडे न्यूरामिनिडेज नावाचं विकर असतं, कात्रीच म्हणा. ऑसेल्टामिविर त्या कात्रीच्या पात्यांमध्ये जाऊन बसतं. कात्री चालत नाही, नव्या प्रती जुन्या पेशीलाच चिकटून राहतात आणि शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजे हे औषध विषाणू मारत नाही, ज्या पेशी बिघडल्या त्या दुरुस्त करत नाही, ताप थेट उतरवत नाही. ते फक्त पसरणं थांबवतं. आणि पसरणं थांबवण्याला अर्थ तोवरच, जोवर पसरणं चालू आहे.

निरोगी प्रौढ माणसात विषाणूंची संख्या लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांतच शिखराला पोहोचते आणि मग उतरू लागते. पाच-सात दिवसांत घशात विषाणू बहुधा सापडतही नाही. अंगदुखी, थकवा, खोकला मात्र त्यानंतरही रेंगाळतो, कारण ते विषाणूपेक्षा आपल्या शरीराने त्याच्याशी केलेल्या झुंजीचे परिणाम असतात. चौथ्या दिवशी ज्याला सर्वांत जास्त त्रास होतोय त्याच्या शरीरात विषाणूची वाढ केव्हाच ओसरलेली असू शकते. तिथे कात्री अडवून काय अडणार? म्हणून ‘आता सहन होत नाही, द्या गोळी’ हा हिशेब या औषधाला लागू पडत नाही. पॅरासिटामॉल सहन होईनासं झालं की घ्यायचं औषध आहे. हे तसं नाही.

४८ तासांचा आकडा आला कुठून, हेही कळलं पाहिजे. प्रौढांवरच्या मुख्य चाचण्यांमध्ये लक्षणं सुरू होऊन ३६ किंवा ४८ तासांच्या आत आलेल्या रुग्णांनाच घेतलं होतं. म्हणजे ४८ तास ही निसर्गाने आखलेली रेघ नव्हे, चाचण्यांनी घातलेलं कुंपण आहे. त्या कुंपणाच्या आतही उतार आहेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताप आल्यापासून १२ तासांच्या आत औषध सुरू झालेल्यांचा आजार, ४८ तासांनी सुरू झालेल्यांपेक्षा सुमारे तीन दिवसांनी कमी भरला. त्या अभ्यासात नकली गोळी घेणारा गट नव्हता, त्यामुळे तीन दिवस हा आकडा अक्षरशः धरू नये. पण दिशा स्पष्ट आहे आणि ती वर सांगितलेल्या कात्रीच्या कामाशी जुळते. ‘दोन दिवस आहेत’ असं म्हणून दुसऱ्या दिवसाच्या रात्रीपर्यंत थांबणाऱ्याने बराचसा फायदा वाटेतच सांडलेला असतो.

फायदा असतो तरी किती? इथे औषधाचे भक्त आणि औषधाचे विरोधक दोघेही अर्धंच सांगतात. २०१४ साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी, कंपनीने बरीच वर्षं पूर्ण खुले न केलेले चाचण्यांचे अहवाल मिळवून एकत्र तपासले. प्रौढांमध्ये लक्षणं कमी व्हायला लागणारा वेळ सात दिवसांवरून ६.३ दिवसांवर आला, म्हणजे सुमारे १७ तास वाचले. रुग्णालयात भरती होणं टळतं, असं त्यांना दिसलं नाही. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणात, ज्यांना खरोखर फ्लूच असल्याचं तपासणीत सिद्ध झालं होतं अशांचाच हिशेब केला, तेव्हा फायदा २५ तासांचा निघाला. दोन्ही आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत. पहिल्यात फ्लूसारखा ताप असलेले पण फ्लू नसलेलेही मोजले होते, आणि ज्याला फ्लूच नाही त्याला फ्लूचं औषध काय करणार? तेव्हा तरुण, निरोगी माणसाने एवढं धरून चालावं : खरा फ्लू असेल आणि गोळी लवकर सुरू झाली, तर आजार साधारण एक दिवसाने कमी होईल.

त्या एका दिवसाची किंमतही आहे. औषधाने मळमळ आणि उलटी होते. २०१५च्या त्या विश्लेषणात नकली गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरात तीन-चार जणांना उलट्या झाल्या, खरी गोळी घेणाऱ्यांपैकी आठ जणांना. भरल्या पोटी, निदान भाताची पेज किंवा दोन घास पोळी खाऊन घेतली तर त्रास कमी होतो. तापाने आधीच अन्न जात नसलेल्याला उलट्या होणं ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. म्हणून तिशीतल्या, कुठलाही जुना आजार नसलेल्या, सौम्य ताप-खोकला असलेल्या माणसाने ही गोळी न घेता घरी विश्रांती घेतली, पाणी, सरबत, पेज घेत राहिला आणि लोकांपासून दूर राहिला, तर त्याचं काही गमावलं असं मला वाटत नाही. आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही अशा रुग्णाला ‘अ’ गटात घालून औषध आणि तपासणी दोन्ही नको म्हटलं आहे. २४ ते ४८ तास लक्ष ठेवावं, एवढंच सांगितलं आहे.

मग ही गोळी आहे कुणासाठी? त्याच सूचनांतल्या ‘ब’ गटाचा दुसरा भाग वाचावा. तोच ताप, तोच खोकला, पण तो ६५ वर्षांच्या पुढच्या व्यक्तीला आला, गरोदर स्त्रीला आला, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, हृदयविकार, मूत्रपिंडाचा वा यकृताचा आजार, मधुमेह, कर्करोग, एचआयव्ही असलेल्याला किंवा बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्याला आला, तर ऑसेल्टामिविर सुरू करावं आणि त्यासाठी तपासणीची अट नको. बाळंतीण झाल्यावरचे पहिले दोन आठवडेही मी यातच धरीन. २००९च्या साथीत गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया जगभर गंभीर आजारी पडल्या, हे विसरण्यासारखं नाही. या लोकांत फ्लू घशातून फुप्फुसात उतरण्याची शक्यता जास्त, आणि साखर, हृदय, मूत्रपिंड यांची घडी त्याने विस्कटते. फायद्याचं मोजमाप इथे ‘एक दिवस लवकर बरं वाटणं’ एवढंच राहत नाही. युरोपातल्या १५ देशांत प्रत्यक्ष दवाखान्यांमध्ये झालेल्या आणि २०२०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरसकट फायदा एकच दिवसाचा होता. पण वयस्कर, जुने आजार असलेल्या, जास्त आजारी लोकांत तो दोन ते तीन दिवसांपर्यंत गेला. या चाचणीत कोण काय घेतोय हे रुग्णांना ठाऊक होतं, त्यामुळे मनाचा भाग थोडा धरावा लागेल. तरी पासष्टीच्या माणसाने तीन दिवस कमी अंथरुणात असणं म्हणजे काय, हे घरात म्हातारं माणूस असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा : २०२३ साली चाचण्यांचं आणखी एक एकत्रित विश्लेषण आलं आणि घरी उपचार घेणाऱ्यांत ऑसेल्टामिविरने रुग्णालयात भरती होणं कमी झालेलं त्यातही दिसलं नाही. २०२४च्या सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने तर सौम्य फ्लूसाठी हे औषध न देण्याकडे कल दाखवला, आणि गंभीर, रुग्णालयात असलेल्यांसाठी ते द्यावं असं म्हटलं. दोन्ही शिफारशी ‘सशर्त’ आहेत, म्हणजे पुरावा पक्का नसल्याचं त्यांनी स्वतःच मान्य केलं आहे. मी हा आक्षेप बाजूला सारत नाही. निरोगी माणसाने गोळी घेऊ नये, या मताला तो बळच देतो. पण चाचण्यांतले बहुतेक लोक मुळात भरती होण्याच्या बेताचे नव्हतेच. २०१५च्या विश्लेषणात नकली गोळी घेणाऱ्यांपैकीही शंभरातले दोनसुद्धा भरती झाले नव्हते. जी घटना इतकी विरळ, ती औषधाने कमी होते की नाही हे काही हजार लोकांवरून ठामपणे सांगता येत नाही, होकारार्थीही नाही आणि नकारार्थीही नाही. अशा वेळी जोखमीच्या माणसाच्या ताटात काय आहे ते बघावं : एकीकडे पाच दिवसांची, बहुतेकांना झेपणारी गोळी, दुसरीकडे न्यूमोनियाची खरी भीती. अमेरिकेतल्या आणि आपल्याकडच्या सूचना याच तर्काने जोखमीच्या लोकांना औषध देतात, आणि मला तो तर्क पटतो.

रुग्णालयात भरती झालेल्यांबद्दलचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. २००९-१०च्या साथीतल्या २९ हजारांहून अधिक भरती रुग्णांच्या नोंदी अनेक देशांतून गोळा करून २०१४ साली तपासल्या गेल्या. लक्षणं सुरू झाल्यापासून दोन दिवसांत औषध मिळालेल्या रुग्णांत, उशिरा मिळालेल्यांच्या तुलनेत मृत्यूचा धोका साधारण निम्मा होता, आणि उशिराचा दर दिवस धोका वाढवत होता. हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे आणि त्याला औषध बनवणाऱ्या कंपनीचं अनुदान होतं, हे दोन्ही लक्षात ठेवायला हवं. तरी गंभीर रुग्णावर नकली गोळीची चाचणी करणं नीतीला धरून नसल्याने आपल्या हाती याहून चांगला पुरावा येणं अवघड आहे. इथे एक गैरसमज जिवावर बेततो. ‘४८ तास उलटले, आता उपयोग नाही’ हे वाक्य धाप लागलेल्या किंवा भरती झालेल्या रुग्णाला लागू नाही. अशा माणसाच्या, तसंच प्रतिकारशक्ती कमी असलेल्याच्या शरीरात विषाणूची वाढ पुष्कळ दिवस चालू राहते. त्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशीही औषध सुरू केलं जातं, आणि करावंच.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकच्या ६२ वर्षांच्या बाई, वजन ५५ किलो, दहा वर्षांचा मधुमेह. ऑगस्टमधल्या सोमवारी संध्याकाळी साडेसहाला भाजी निवडताना एकदम कणकण भरून आली, पाठ आणि पायाच्या पोटऱ्या दुखायला लागल्या, रात्री १०२ ताप आणि कोरडा खोकला. आठवडाभरापूर्वी नातू शाळेतून ताप घेऊन आला होता. घड्याळ सुरू झालं ते साडेसहाला, रात्री थर्मामीटर लावला तेव्हा नव्हे आणि मंगळवारी दवाखाना उघडला तेव्हाही नव्हे. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला ४८ तास भरतात. नेहमी होतं ते असं : मंगळवारी सकाळी मेडिकलमधून सर्दी-तापाच्या गोळ्या आणि ‘अँटिबायोटिकही घ्या’ म्हणून तीन दिवसांचं पाकीट, ज्याचा विषाणूवर शून्य परिणाम. बुधवारी ‘आज जरा बरं वाटतंय’, कारण पॅरासिटामॉलने ताप दबला. गुरुवारी सकाळी डॉक्टर, स्वॅब, आणि ‘रिपोर्ट आला की बघू’. शुक्रवारी रिपोर्ट हातात येतो तेव्हा चौथा दिवस असतो.

व्हायला हवं होतं ते असं : मंगळवारी सकाळी दहाला त्या डॉक्टरांसमोर बसल्या, पहिलं वाक्य ‘काल संध्याकाळी साडेसहाला सुरू झालं’ आणि दुसरं ‘मला मधुमेह आहे’. साडेपंधरा तास झालेत. साथ चालू असताना एकदम चढलेला ताप आणि त्याच्या जोडीला खोकला, एवढ्यावरून डॉक्टरांना फ्लूचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. सर्दीचा आजार नाकापासून हळूहळू सुरू होतो, फ्लू बहुधा अंगावर कोसळतो. दवाखान्यात होणारी झटपट चाचणी ‘आहे’ म्हणाली तर ती बहुधा खरी, ‘नाही’ म्हणाली तर मात्र फार विश्वास ठेवू नये, कारण खरा फ्लू तिच्या हातून बरेचदा निसटतो. म्हणून ‘ब’ गटातल्या रुग्णासाठी स्वॅब घेतला तरी गोळी रिपोर्टच्या आधी सुरू व्हावी. रिपोर्टात फ्लू नाही असं पक्कं झालं तर ती थांबवता येते, घालवलेले दोन दिवस मात्र परत आणता येत नाहीत. ऑगस्ट असल्याने डेंग्यू आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच भेटीत करून घ्यावी. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत.

आणि एक गोष्ट जी घाईत राहून जाते. प्रौढांचा नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. पण हे औषध मूत्रपिंडातून बाहेर जातं. या बाईंचा गेल्या महिन्यातला क्रिएटिनिन १.३ आहे, रिपोर्टवर तो जेमतेम ठळक छापलेला, आणि घरात कुणी त्याची फिकीर केलेली नाही. डॉक्टर वय, वजन आणि क्रिएटिनिन घालून हिशेब करतात : १४० वजा ६२, म्हणजे ७८. त्याला ५५ने गुणा. ७२ गुणिले १.३ने भागा. स्त्री म्हणून शेवटी ०.८५ने गुणा. उत्तर येतं ३९ मिलिलिटर प्रतिमिनिट. ६०च्या खाली आणि ३०च्या वर असेल तर डोस ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे निम्म्याहूनही कमी. १० ते ३०च्या दरम्यान असेल तर ३० मिलिग्रॅम दिवसातून एकदाच. म्हणून मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी दवाखान्यात जाताना क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट पिशवीत टाकावा. शेजाऱ्याच्या उरलेल्या पट्टीतली गोळी घेण्यातला धोकाही हाच आहे. २०१७पासून हे औषध मेडिकलमध्ये सहज ठेवता येऊ लागलं, पण ते ‘एच-१’ यादीत आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नाही आणि दुकानदाराने त्याची नोंद ठेवायची. जोखमीच्या माणसाच्या घरी शहाणपणाचं काम म्हणजे साथ येण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवणं : ताप आला तर तुम्हाला फोन कुठल्या नंबरवर करायचा, रविवारी काय करायचं, आणि माझा डोस किती असेल.

‘सर्वांनी घेतली तर विषाणू गोळीला दाद देईनासा होईल’ ही शंकाही रास्त आहे. २००८-०९च्या सुमाराला त्या वेळच्या हंगामी एच१एन१ विषाणूत तसं झालंच होतं, या औषधाला तो जवळजवळ सगळीकडे जुमानेनासा झाला होता. नंतर आलेल्या साथीच्या विषाणूने त्याची जागा घेतली, आणि आज फिरणारे बहुतेक विषाणू पुन्हा औषधाला दाद देतात. हे टिकवायचं तर ज्याला गरज आहे त्यालाच द्यावी आणि दिली तर पाचही दिवस पूर्ण करावी. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून उरलेल्या सहा कॅप्सूल कपाटात ठेवू नयेत.

गोळी सुरू झाली म्हणून पहारा संपत नाही. धाप लागणं, छातीत दुखणं, बेडक्यात रक्त, नखं-ओठ निळसर होणं, रक्तदाब घसरणं, माणूस गुंगीत जाणं किंवा असंबद्ध बोलणं, यांपैकी काहीही दिसलं तर तो ‘क’ गट झाला : कितवा दिवस आहे हे न मोजता रुग्णालय गाठायचं. आणखी एक खूण जास्त फसवी असते. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, माणूस उठून चहा घेतो, घर निःश्वास सोडतं आणि पाचव्या दिवशी ताप पुन्हा चढतो, या वेळी पिवळा-हिरवा घट्ट कफ घेऊन. हा बहुधा फ्लूचा उरलेला भाग नसतो. विषाणूने सोलून ठेवलेल्या श्वासनळीत जिवाणूंनी केलेला न्यूमोनिया असू शकतो. त्यावर ऑसेल्टामिविर काही करत नाही. तिथे छातीचा एक्स-रे लागतो, आणि मंगळवारी फुकट गेलं असतं ते अँटिबायोटिक आता खरोखर लागतं.